पाचवी ओळ

पडद्यावर चार ओळी भरून झाल्या आहेत. पहिली STARE, दुसरी FAITH, तिसरी WATCH, चौथी MATCH. शेवटच्या दोन ओळींत A, T, C, H ही चार अक्षरं हिरवीगार बसली आहेत आणि फक्त पहिलं घर राखाडी आहे. खाली दोन ओळी रिकाम्या आहेत. शब्द जवळजवळ हातात आलाय असं वाटावं अशीच ही अवस्था, आणि वर्डल खेळणाऱ्यांचे सगळ्यात जास्त डाव नेमके इथेच बुडत असावेत, असा माझा संशय आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लपवलेला असतो आणि तो सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. प्रत्येक प्रयत्नानंतर अक्षरं रंगतात. हिरवं म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर. पिवळं म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा वेगळी. राखाडी म्हणजे ते अक्षर शब्दात नाही. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये हा खेळ सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. एवढं पुरे.

आता वरच्या डावात शिल्लक काय उरतं ते पाहू. शेवट ATCH असा, पहिलं अक्षर माहीत नाही. S, R, E, F, I ही अक्षरं पहिल्या दोन ओळींनीच बाद केली, W आणि M पुढच्या दोन ओळींनी. उरले पाच उमेदवार: BATCH, CATCH, HATCH, LATCH, PATCH. (NATCH असाही एक शब्द खेळ टाइप करू देतो, पण तो बोलीतला आहे. रोजच्या उत्तरांत असले शब्द येत नाहीत, म्हणून तो बाजूला ठेवू.) पाच उमेदवार, दोन प्रयत्न.

इथे दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे पाचपैकी एखादा शब्द ठोकून द्यायचा. लागला तर पाचव्यात सुटलो. नाही लागला तर सहाव्यात आणखी एक ठोकायचा. दुसरा रस्ता म्हणजे पाचव्या ओळीत जाणूनबुजून असा शब्द लिहायचा, जो उत्तर असूच शकत नाही, पण उरलेल्या पाचांत फरक पाडून देईल, आणि मग सहाव्या ओळीत उत्तर द्यायचं. पहिल्याला मी थेट फटका म्हणतो, दुसऱ्याला चाचपणी.

माझी भाची पक्की थेट फटक्याच्या पक्षातली आहे. तिचं म्हणणं साधं आहे. "मामा, जो शब्द उत्तर असूच शकत नाही तो लिहायचा म्हणजे एक ओळ फुकट घालवायची. माझ्याकडे दोन गोळ्या आहेत, तू त्यातली एक हवेत झाडायला सांगतोयस." ऐकायला बिनतोड वाटतं. पण ती एक गोष्ट गृहीत धरते. थेट फटका चुकला की त्यातूनही काहीतरी कळेल, आणि सहावी ओळ पाचवीपेक्षा शहाणी असेल, असं तिला वाटतं. ते खरं आहे की नाही, हे प्रत्येक डावात तपासून बघावं लागतं. या डावात ते जवळजवळ अजिबात खरं नाही.

समजा पाचव्या ओळीत BATCH लिहिलं आणि ते उत्तर नव्हतं. रंग कसे दिसतील? B राखाडी, बाकी चारही हिरवी. उत्तर CATCH असो, HATCH असो, LATCH असो की PATCH, चारही वेळा अगदी हेच रंग. म्हणजे चुकलेल्या फटक्याने सांगितलं एवढंच, की BATCH नाही. उरलेल्या चौघांत काडीचाही फरक पडला नाही. सहाव्या ओळीत चारांतून एक डोळे मिटून उचलायचा. एकूण पाचांपैकी दोन शब्द आपल्या पदरात, तीन निसटलेले. ४० टक्के.

CATCH किंवा HATCH लिहिलं तर काही वेगळं घडेल का? त्यांत एक अक्षर दोनदा येतं, म्हणून आशा वाटते. पण नाही. CATCH लिहिलं आणि उत्तर LATCH असेल तर चौथ्या घरातलं C हिरवं होतं. उत्तरात C एकच आहे आणि ते तिथे खपलं, त्यामुळे पहिल्या घरातल्या C ला काही उरत नाही आणि ते राखाडी पडतं. HATCH च्या पहिल्या H चंही तेच. पाचांपैकी कुठलाही लिहा, ४० टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

आता चाचपणी. पाचव्या ओळीत CLIMB लिहू. हा शब्द उत्तर नाही हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याकडून आपल्याला फक्त रंग हवे आहेत. एकेक उमेदवार उत्तर आहे असं धरून रंग काढू.

उत्तर LATCH असेल तर L पिवळं होईल. BATCH असेल तर शेवटचं B पिवळं होईल. CATCH असेल तर पहिल्या घरातलं C हिरवं होईल. हा मुद्दा जरा नीट बघण्यासारखा आहे. C हे अक्षर पाचही उमेदवारांत आहे, त्यामुळे ते राखाडी कधीच पडणार नाही. इतर चौघांसाठी ते पिवळं दिसेल, कारण त्यांचं C चौथ्या घरात आहे. फक्त CATCH साठी ते हिरवं दिसेल. म्हणजे इथे पिवळ्या C मध्ये काही बातमी नाही, असलीच तर ती हिरव्यात आहे. नवखा माणूस पिवळं C पाहून हरखतो आणि ते नव्याने सापडल्यासारखं त्याच्यासाठी जागा शोधायला लागतो. ते चौथ्या घरात कधीचं बसलेलं आहे.

उरले HATCH आणि PATCH. दोघांसाठी CLIMB चे रंग एकसारखेच येतात, C पिवळं आणि बाकी सगळं राखाडी. हे दोघे वेगळे होत नाहीत. म्हणजे CATCH, LATCH, BATCH यांपैकी उत्तर असेल तर सहाव्या ओळीत ते खात्रीने मिळेल. HATCH किंवा PATCH असेल तर दोघांपैकी एक निवडावा लागेल. पाचांपैकी चार पदरात, एक निसटलेला. ८० टक्के. एक ओळ "फुकट" घालवून जिंकण्याची शक्यता बरोबर दुप्पट झाली.

इथवर बऱ्याच जणांना पटतं. पुढची गोष्ट मात्र चांगल्या खेळाडूंच्याही लक्षात येत नाही, आणि मला तीच जास्त आवडते. शेवटच्या दोन ओळींत आपली जिंकण्याची शक्यता काढायला एकच मोजणी पुरते. पाचव्या ओळीतल्या शब्दाने उमेदवारांवर एकूण किती वेगवेगळे रंगनमुने उमटू शकतात, तेवढं मोजायचं आणि त्याला उमेदवारांच्या संख्येने भागायचं. झालं.

कारण अगदी उघड आहे. पाचव्या ओळीनंतर कुठला तरी एक नमुना समोर येतो. त्या नमुन्यात एकच उमेदवार बसत असेल तर सहाव्यात तो लिहायचा. तीन बसत असतील तरी सहाव्यात लिहिता येतो एकच. म्हणजे एका नमुन्यामागे एकच उमेदवार वाचतो, गट लहान असो की मोठा. आणि थेट फटका बसला तर पाचही हिरवे, हाही एक नमुनाच आहे. त्याच्यातही एकच उमेदवार बसतो, तो पाचव्यातच वाचतो इतकंच. म्हणून फटका आणि चाचपणी यांच्यासाठी दोन वेगळे हिशेब नाहीत. BATCH चे नमुने दोन, भागिले पाच. CLIMB चे नमुने चार, भागिले पाच.

यातून एक उलटीच गोष्ट निघते. डावाच्या सुरुवातीला आपण गट लहान ठेवायला बघतो, सगळ्यात मोठा गट छोटा राहावा म्हणून झटतो, आणि तिथे ते बरोबरच आहे. पण शेवटून दुसऱ्या ओळीत गटांच्या आकाराला काही अर्थ उरत नाही. सहा उमेदवार आहेत असं धरा. एका शब्दाने त्यांचे दोन-दोन-दोन असे तीन गट पडतात, दुसऱ्याने चार-एक-एक असे तीन गट पडतात. दुसरी विभागणी ओबडधोबड दिसते, पण इथे दोन्ही सारख्याच किमतीच्या. तीन नमुने, सहापैकी तीन. आणखी एखादी ओळ हातात असती तर मात्र पहिली सरस ठरली असती.

नमुने मोजायची सवय लागली की जागेचं महत्त्वही कळतं. CLIMB ऐवजी BLOCK लिहिलं तर? B आहे, L आहे, C आहे. CLIMB मधली कामाची तिन्ही अक्षरं यात आहेत. पण BLOCK मध्ये C चौथ्या घरात आलं, आणि चौथ्या घरात C हिरवं असणार हे आपल्याला आधीच माहीत आहे. पाचही उमेदवारांसाठी ते हिरवंच दिसणार, त्यामुळे CATCH वेगळा पडत नाही. नमुने उरले तीन, B पिवळ्याऐवजी हिरवं, L पिवळं, आणि CATCH, HATCH, PATCH यांचा एक सामाईक. आठ आण्यांहून थोडं जास्त, ६० टक्के. तीच तीन अक्षरं, फक्त C ची जागा बदलली आणि २० टक्के गेले. चाचपणीचा शब्द निवडताना "कुठली अक्षरं तपासायची" एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. जे अक्षर सगळ्यांतच आहे, त्याला जिथे ठेवलं तर फक्त एकाच उमेदवारासाठी ते हिरवं होईल, अशी जागा शोधावी लागते. इथे C आणि H, दोघांसाठीही ती जागा पहिल्या घरात आहे, आणि पहिलं घर एकच आहे. त्यामुळे CATCH आणि HATCH या दोघांनाही एका फटक्यात वेगळं करणं अवघड जातं. पाचच्या पाच नमुने देणारा शब्द मला तरी सापडलेला नाही.

चाचपणीचं एवढं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं की पुष्कळदा तिची गरजच नसते. दुसरा डाव घेऊ. उमेदवार चार: SHARE, SHORE, SHAPE, SHOVE. दोन ओळी शिल्लक. इथे SHARE लिहून बघा. उत्तर SHARE असेल तर सगळं हिरवं. SHORE असेल तर A राखाडी, R हिरवं. SHAPE असेल तर A हिरवं, R राखाडी. SHOVE असेल तर A आणि R दोन्ही राखाडी. चार उमेदवार, चार नमुने. सहाव्या ओळीपर्यंत जिंकणं पक्कं, आणि पाचव्यातच लागण्याची चारातली एक संधी वरकमाई. इथे बाहेरचा शब्द शोधणारा माणूस उगाच शहाणपणा करतो.

पण म्हणून कुठलाही उमेदवार चालेल असं नाही. त्याच चौघांत SHAPE लिहिलं तर? P फक्त SHAPE मध्ये आहे, तो काही सांगत नाही. A हिरवं आलं की SHARE. A राखाडी पडलं की SHORE किंवा SHOVE, आणि त्यांच्यात फरक कळत नाही. नमुने तीन, चारांपैकी तीन. SHARE आणि SHAPE दोघंही "उत्तर असू शकणारे शब्द", दोघंही पाचव्यात लागण्याची शक्यता सारखीच, आणि तरी एकाने डाव शंभर टक्के वाचतो, दुसऱ्याने पंचाहत्तर टक्के. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी उमेदवारांचेच नमुने मोजायचे. एखाद्या उमेदवाराचे नमुने उमेदवारांइतकेच भरले तर तोच लिहायचा, पुढे बघायचंही नाही. नाही भरले तर बाहेरचा शब्द शोधायचा. दोघांची बरोबरी झाली तर उमेदवाराला झुकतं माप, कारण तो पाचव्यातही सुटू शकतो. आणि दोनच उमेदवार उरले असतील तर विचार कसला करायचा, एक लिहा आणि मग दुसरा.

भाचीचा "फुकट ओळ" हा आक्षेप वर्डलपेक्षा जुना आहे. मास्टरमाइंड नावाचा रंगीत खुंट्यांचा खेळ अनेकांनी लहानपणी खेळला असेल. सहा रंग, चार भोकं, एकूण १,२९६ मांडण्या. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की कुठलीही मांडणी जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत ओळखता येते. त्यांच्या पद्धतीत काही ठिकाणी मुद्दाम अशी मांडणी लावावी लागते, जी त्या क्षणी उत्तर असूच शकत नाही. त्यांतल्या एका ठिकाणी तरी, पाचांत डाव संपवण्याची हमी हवी असेल तर ती पायरी टाळता येत नाही. म्हणजे भाचीच्या "हवेतल्या गोळी"ला गणिताचा आधार फार पूर्वीच मिळालेला आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नूथ आजोबांना कोणी स्कोअर विचारत नव्हतं." या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण ते वाटतं तितकं उडवाउडवीचं नाही.

आधी पहिल्या डावाकडे पुन्हा बघू. तिथे पाचव्या ओळीत ८० टक्क्यांपर्यंतच पोचता आलं. उरलेले २० टक्के गेले कुठे? सगळेजण पाचव्या ओळीला दोष देतात. पण FAITH नंतर, म्हणजे दोन ओळी झाल्यावर, सात उमेदवार होते: वरचे पाच आणि WATCH, MATCH. हातात चार ओळी. तेव्हाच, तिसऱ्या ओळीत CLIMB लिहिलं असतं तर C, L, M, B चे चार शब्द सुटे झाले असते आणि HATCH, PATCH, WATCH एका गटात उरले असते. त्या तिघांसाठी तीन ओळी शिल्लक. शंभर टक्के सुरक्षित.

गंमत अशी की तिसऱ्या ओळीत WATCH ठोकणंही चुकीचं नव्हतं. WATCH चुकल्यावर सहा उमेदवार आणि तीन ओळी. चौथ्या ओळीत CLIMB लिहिलं की C, L, M, B सुटे, आणि HATCH, PATCH चा जोड. त्यांच्यासाठी पाचवी आणि सहावी. अजूनही शंभर टक्के. म्हणजे पहिला थेट फटका खरोखरच फुकट मिळत होता, त्याला धोका शून्य. डाव हातातून निसटला तो चौथ्या ओळीत, MATCH ने. तिथून पुढे कितीही डोकं चालवलं तरी ८० च्या वर जाता येत नव्हतं. चार अक्षरं हिरवी झाली की हात आपसूक तोच साचा पुन्हा टाइप करायला लागतो, आणि एकदा चुकल्यावर "आता नक्की" असं वाटून आणखी जोरात. उमेदवार किती उरलेत आणि ओळी किती, हे त्या भरात कोणी मोजत नाही.

मोजणी चुकण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते हिशेबाबाहेरचं आहे. उमेदवारांची यादी आपण डोक्यातल्या डोक्यात करतो. तिच्यातून सगळ्यात जास्त वेळा सुटतात ते एकच अक्षर दोनदा येणारे शब्द. ATCH च्या मागे वर्णमाला फिरवताना B, L, P लगेच सुचतात. C आणि H ही अक्षरं "वापरून झाली" असं मन धरून चालतं, म्हणून CATCH आणि HATCH राहून जातात. मग CLIMB चे रंग आले, L आणि B राखाडी, C पिवळं, की PATCH पक्का असं वाटतं, आणि तो चुकतो. चाचपणीचा दोष नाही, यादीचा आहे. यादी पुरी झाली की नाही हे तपासायचा एक साधा उपाय आहे. रिकाम्या घरात पडद्यावरच्या कळफलकाची, राखाडी न झालेली प्रत्येक कळ ओळीने बसवून बघायची, आधीच हिरवी किंवा पिवळी झालेलीही. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एखादा शब्द शब्दकोशात आहे की नाही हे माहीत नसेल तर तो ओळीत टाइप करून Enter दाबू नका. खेळाला तो शब्द मान्य झाला तर ओळ गेली.

आता अंदाजांबद्दल. आत्तापर्यंत सगळे उमेदवार सारख्याच वजनाचे धरले. पण खेळणाऱ्याच्या मनात तसं नसतं. "आज PATCH असणार" असं आतून वाटत असतं. त्या वाटण्याला थोडी जागा देऊ. समजा PATCH आणि CATCH वर आपला प्रत्येकी ३५ टक्के भरवसा आहे, आणि BATCH, HATCH, LATCH वर प्रत्येकी १० टक्के. चांगलाच झुकता तराजू. थेट फटक्याने दोन लाडके शब्द लिहिले तर ७० टक्के. CLIMB ने? HATCH आणि PATCH चा जोड उरला तर आपण PATCH घेणार, म्हणजे फक्त HATCH चे १० टक्के गमावले. ९० टक्के. इतका झुकता भरवसा धरूनही चाचपणीच पुढे.

हे का होतं, तर थेट फटका दोन शब्द वाचवतो आणि उरलेले तिन्ही सोडून देतो. चाचपणी एका जोडातला हलका शब्द तेवढा सोडते. भरवशाचा उपयोग होतो तो चाचपणीचा शब्द निवडताना. CLIMB ने HATCH-PATCH हा जोड उरतो. CLAMP लिहिलं तर C, L, P सुटे होतात आणि BATCH-HATCH हा जोड उरतो. ज्या दोघांबद्दल आपण खरोखर साशंक आहोत ते जोडात अडकू नयेत, एवढं बघायचं. PATCH आणि HATCH दोन्ही प्रबळ वाटत असतील तर CLIMB ऐवजी CLAMP. आतला आवाज ऐकायचाच असेल तर त्याला विचारावं, कुठले दोघे एकत्र राहिले तर चालतील.

आणि हार्ड मोड. तिथे मिळालेली हिरवी अक्षरं त्याच घरात ठेवावी लागतात आणि पिवळी अक्षरं शब्दात कुठेतरी वापरावी लागतात. CLIMB तो स्वीकारणारच नाही. पाचव्या ओळीत निवड उरतच नाही, पाच उमेदवार आणि दोन ओळी म्हणजे ४० टक्के, निमूटपणे. हार्ड मोडवाले शहाणे असतील तर ATCH, IGHT, OUND असे शेवट दिसायच्या आधीच सावध होतात. चार अक्षरं लवकर हिरवी होणं तिथे आनंदाची बातमी नसते.

आता भाचीचं ते वाक्य. नूथ यांना कोणी स्कोअर विचारत नव्हतं. तिचा मुद्दा असा, की "जिंकणं" म्हणजे काय हे आधी ठरवायला हवं. सलग जिंकलेल्या दिवसांची साखळी सांभाळायची असेल तर वरचा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू. सरासरी प्रयत्न कमी ठेवायचे असतील तर? हरलेला डाव सात प्रयत्नांचा धरू. पाच उमेदवारांच्या डावात थेट फटक्याची सरासरी ६.४ येते, चाचपणीची ६.२. इथेही चाचपणीच. पण तीन उमेदवार उरले असते, समजा BATCH, LATCH, PATCH, तर थेट फटका पाच, सहा आणि सात यांच्यात सारखा वाटला जातो, सरासरी सहा. चाचपणी नेहमी सहा. बरोबरी. सरासरीच्या दृष्टीने तिथे काहीही केलं तरी चालतं, फक्त एकात हरण्याची शक्यता तीनातली एक आहे आणि दुसऱ्यात शून्य.

तिची गोष्ट मात्र तिसरीच होती. ती आणि तिची मैत्रीण रोज एकमेकींना निकाल पाठवतात, आणि कमी ओळींत सोडवेल ती त्या दिवशी जिंकते. मैत्रिणीचा निकाल आधीच आलेला असतो, 5/6. मग भाचीसाठी सहाव्यात सोडवणं आणि न सोडवणं यांत काही फरक नाही, दोन्ही हारच. बरोबरी साधायची तर पाचव्या ओळीतच लागलं पाहिजे. चाचपणीने ती शक्यता शून्य. थेट फटक्याने पाचातली एक. अशा दिवशी तिचा फटका चुकला तरी ती चूक नाही, तो एकमेव शहाणा शब्द आहे. आणि तिथे नमुने मोजण्यातही अर्थ नाही, कारण सहावी ओळ तिच्या हिशेबातच नाही. फक्त पाचांपैकी सगळ्यात जास्त भरवशाचा कोण, एवढंच.

"मग कुठला लिहू?" असं ती विचारते तेव्हा मी तिला सांगतो, की दुहेरी अक्षर आहे म्हणून CATCH ला मागे ढकलू नकोस, ते कारण नाही. बाकी तुला जो वाटेल तो. ती दर वेळी PATCH च लिहिते, आणि मैत्रिणीचा निकाल यायच्या आधी खेळत असली तरीही.